मेमोरँडममध्ये टॉवेल आहे, भाकरी नाही. कर्जाची फाइल परत आली, आता काय करावं?

अक्कलकोटरोड_टॉवेल
नमस्कार मंडळी. आमची टेरी टॉवेलची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. २०१५ साली नोंदवली. अधिकृत भांडवल १० लाख, आणि तेवढंच भरलेलं. चार भागधारक: माझ्याकडे ४० टक्के, धाकट्या भावाकडे ३०, आईकडे २० आणि चुलतभावाकडे १०.

दोन वर्षांपासून आमचा मागचा शेड मोकळाच आहे. यंदा सोलापूरच्या गड्डा जत्रेत आईच्या हातच्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी कंपनीच्या नावानं विकली. माल हातोहात गेला. म्हणून त्या शेडमध्ये भाकरी लाटायचं आणि पॅकिंगचं मशीन बसवायचं ठरवलं आणि बँकेत ३८ लाखांच्या कर्जाची फाइल दिली. परवा फाइल परत आली. वकिलानं शेरा मारलाय, प्रस्तावित व्यवसाय कंपनीच्या ऑब्जेक्ट क्लॉजमध्ये, म्हणजे उद्दिष्टांच्या कलमात, बसत नाही.

मी मेमोरँडम, म्हणजे कंपनी कशासाठी काढली ते सांगणारा नोंदणीचा कागद, काढून बघितलं. तिसऱ्या कलमात दोन भाग आहेत. ए मध्ये लिहिलंय की टॉवेल, चादरी, नॅपकिन आणि सर्व प्रकारचं कापड विणणं, रंगवणं, त्यावर प्रक्रिया करणं, ते विकत घेणं, विकणं, आयात-निर्यात करणं. बी मध्ये तीसेक कलमं आहेत. त्यातलं एक असं, की वरील व्यवसायाला जोडून सोयीनं करता येईल असा कोणताही व्यवसाय करणं. मग भाकरी यात का बसत नाही? शेड कंपनीचा, पैसा कंपनीचा, माणसं कंपनीची. जाणकारांनी सांगा की.

नवीपेठ_हिशोबनीस
बसते की! बी मधलं ते वाक्य याच्यासाठीच घालतात. मी वीस वर्षं कंपन्यांची वह्या-पुस्तकं बघतोय. प्रत्येक मेमोरँडममध्ये 'सोयीनं करता येईल असा कोणताही व्यवसाय' असतंच. बँकेचा वकील नवखा दिसतो. तुम्ही संचालक मंडळाचा ठराव करा, 'भाकरीचा व्यवसाय थ्री बी खाली सुरू करत आहोत' असं लिहा, आणि फाइल पुन्हा द्या. जीएसटीत भाकरीचा एचएसएन कोड वाढवून घेतला असेल तर तोही जोडा, म्हणजे सरकारनंच मान्यता दिल्यासारखं होईल.

अक्कलकोटरोड_टॉवेल
जीएसटीत वाढवलाय. लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीतही अन्नप्रक्रिया टाकलंय. दोन्हीकडे कोणी काही विचारलं नाही.

कलम_तेरा
मूळची सोलापूरची, जोडभावी पेठेतली. आता पुण्यात कंपनी सेक्रेटरीचं काम करते.

हिशोबनीस काका, माफ करा, पण हा सल्ला घेतला तर फाइल पुन्हा परत येईल. जीएसटी आणि उद्यम या खात्यांनी 'विचारलं नाही' म्हणजे मान्यता दिली असं होत नाही. ते कर आणि वर्गवारी बघतात. कंपनी काय करू शकते हे तिच्या मेमोरँडमवरून ठरतं.

आता ए आणि बी मधला फरक. २०१३ च्या कायद्याप्रमाणे ए मध्ये कंपनी ज्या कामासाठी काढली ती कामं येतात. बी मध्ये त्या ए मधल्या कामांना पुढे नेण्यासाठी ज्या गोष्टी लागतात त्या येतात. कर्ज काढणं, जागा भाड्यानं घेणं, माणसं नेमणं, ट्रेडमार्क घेणं, शाखा काढणं ही बी ची खरी पोटकलमं. बी ला स्वतःचे पाय नाहीत, ती ए च्या आधारानं उभी राहते. म्हणून तिथलं 'कोणताही व्यवसाय' हे शब्द 'वरील व्यवसायाला जोडून' या शब्दांसोबतच वाचायचे. तुमच्या मेमोरँडममध्येही ते शब्द आहेत, तुम्हीच लिहिलेत.

आपल्याकडे यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल आहे, लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ. मद्रासच्या एका विमा कंपनीनं राष्ट्रीयीकरणाच्या आधी भागधारकांची सभा घेऊन, ठराव करून, एका स्मारक ट्रस्टला २ लाख रुपये देणगी दिली. ट्रस्टचा हेतू तंत्रशिक्षण आणि व्यापाराचं ज्ञान वाढवणं, म्हणजे काम चांगलंच. मेमोरँडममध्ये उद्दिष्टांना पूरक अशा सगळ्या गोष्टी करण्याचं कलमही होतं. तरी न्यायालयानं म्हटलं की पूरक म्हणजे मूळ उद्दिष्टाशी जवळचा, दिसणारा संबंध असलेली गोष्ट. संचालकांना ती इष्ट वाटली एवढ्यानं ती पूरक होत नाही. भागधारकांनी मंजूर केली म्हणूनही वैध होत नाही. देणगीचे पैसे महामंडळाकडे परत भरावे लागले.

तुमच्या भाकरीचा टॉवेल विणण्याशी असा संबंध दाखवता येईल का, तुम्हीच सांगा. शेड एकच असणं हा संबंध नाही.

विजापूरवेस_विधी
मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. याची मूळ केस इंग्लंडची आहे, १८७५ ची अॅशबरी. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीनं बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधायच्या कामात पैसा घालायचा करार केला. मेमोरँडममध्ये 'जनरल कॉन्ट्रॅक्टर' असे शब्द होते, पण न्यायाधीशांनी ते डब्यांच्या आणि यंत्रांच्या कामापुरतेच वाचले. करार मुळातूनच रद्द. सगळ्या भागधारकांनी एकमतानं हो म्हटलं असतं तरी तो जिवंत झाला नसता.

पण मला वाटतं ही सगळी चर्चा आता जुनी झाली. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यानं कंपनीची उद्दिष्टं अमर्याद धरली आहेत, स्वतःहून बंधन घातलं असेल तरच बंधन. त्यामुळे अल्ट्रा व्हायर्स, म्हणजे उद्दिष्टाबाहेरचं काम रद्द हे तत्त्व, संपलंय.

कलम_तेरा
इंग्लंडपुरतं बरोबर आहे. आपल्या कायद्यानं तो बदल घेतलेला नाही. २०१३ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये उद्दिष्टं लिहिणं आजही बंधनकारक आहे. कलम २४५ मध्ये तर कंपनी मेमोरँडमच्या बाहेर जात असेल तर ठराविक संख्येतल्या भागधारकांना तिला रोखण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येतं, असं लिहून ठेवलंय. परीक्षेत हे लिहा, गुण मिळतील.

हातमाग_सभासद
राम राम. आमची विणकरांची सोसायटी आहे, पूर्व भागात. आम्ही पण दोन वर्षांमागं साड्यांबरोबर शाळेचे गणवेश शिवायला घेतले. सहकार खात्याकडं जाऊन पोटनियम दुरुस्त करून आणले. सर्वसाधारण सभेत ठराव केला, खात्यानं मंजुरी दिली, झालं. तुम्ही पण तसंच करा, सहकार खात्याच्या डीडीआर ऑफिसला जा. फार अवघड नाही. मालक लोक उगीच वकिलाकडं पैसे घालतात.

कलम_तेरा
आजोबा, तुमची वाट बरोबरच आहे, पण ती सोसायटीची. सहकारी संस्था सहकार कायद्याखाली चालते आणि तिचे पोटनियम सहकार खातं मंजूर करतं. अण्णांची प्रायव्हेट लिमिटेड आहे. तिच्यासाठी डीडीआर ऑफिस नाही, कंपनी निबंधक.

हातमाग_सभासद
अस्सं होय. म्हणजे ठराव तर दोन्हीकडं लागतोच.

कलम_तेरा
लागतो, हो. फक्त इथं साध्या बहुमतानं भागत नाही.

निवृत्त_कर्जविभाग
मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. वकिलाचा शेरा योग्य आहे, तो नवखा नाही.

कंपनी कर्जदार असली की आम्ही मेमोरँडम घेऊन तीन गोष्टी बघायचो. कर्ज काढायचा अधिकार आहे का, कर्ज ज्या कामासाठी मागितलंय ते काम उद्दिष्टांत आहे का, आणि आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमांत, संचालकांच्या कर्ज उचलण्यावर काही मर्यादा घातली आहे का. दुसरी गोष्ट चुकली तर बँकेचं नुकसान होऊ शकतं, कारण उद्दिष्टाबाहेरच्या कामासाठी दिलेलं कर्ज वसूल करताना कंपनीनंच म्हटलं की हा करार आमच्या अधिकाराबाहेरचा होता, तर बँक अडकते. आणि बँकेला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. मेमोरँडम सार्वजनिक कागद आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर १०० रुपये भरून कोणालाही बघता येतो. ज्याला बघता येतं त्यानं बघितलंच होतं, असं कायदा धरून चालतो.

म्हणून वकील भाकरीला विरोध करत नाहीये. तो बँकेचे ३८ लाख राखतोय.

नवीपेठ_हिशोबनीस
मग आमच्या एका पक्षकाराचं सांगतो. कंपनी कापडाचीच. छतावर सोलर बसवलं, जास्तीची वीज लाइनवर जाते. मेमोरँडममध्ये वीजनिर्मितीचा शब्द नाही. तरी बँकेनं कर्ज दिलं. तिथं का चाललं?

कलम_तेरा
छान उदाहरण दिलंत काका, यातूनच रेघ कुठं मारायची ते कळतं. मागांना वीज लागते. स्वतःच्या मागांसाठी छतावर सोलर बसवणं हे विणकामाला पुढे नेणारं काम आहे, म्हणून ते बी मध्ये बसतं. रविवारी माग बंद असताना उरलेली वीज लाइनवर गेली तरी कामाचं स्वरूप बदलत नाही. पण तीच कंपनी उद्या मंगळवेढ्याला वीस एकर घेऊन सोलर पार्क उभा करेल आणि वीज विकेल, तर तो वीजनिर्मितीचा धंदा होईल. त्याला ए मध्ये जागा लागेल.

सुताचा वेस्टेज विकणं बी मध्येच. मोकळा शेड काही महिने भाड्यानं देणंही सहसा चालतं, कारण कंपनी आपली मालमत्ता वाया जाऊ देत नाहीये. गोदामं बांधून भाड्यावर द्यायचा पसारा मांडला तर नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. मूळ धंदा उद्या बंद पडला तर हे दुसरं काम स्वतःच्या बळावर चालू राहील का? टॉवेल बंद झाले तर छतावरच्या सोलरला तिथं काम उरत नाही. भाकरी मात्र टॉवेलशिवायही आरामात चालेल. ज्याला टॉवेलची गरज नाही ते टॉवेलच्या उद्दिष्टाला जोडलेलं नाही.

हा कायद्यातला नियम नाही, माझी कामाची कसोटी आहे. काठावरच्या प्रकरणात तिनं निर्णय होत नाही, तिथं दोन वकिलांची दोन मतं पडतात.

होटगीरोड_पाइप
आमची गोष्ट सांगतो, वेगळी आहे पण उपयोगी पडेल. कंपनी पीव्हीसी पाइपची. मेमोरँडम काढताना एजंटनं 'खरेदी, विक्री, वितरण' एवढंच लिहिलं, कारण तेव्हा आम्ही व्यापारच करत होतो. नंतर चिंचोळीत एक्स्ट्रूडर बसवून पाइप बनवायला लागलो. ठिबकसाठी एका सरकारी टेंडरमध्ये उत्पादक म्हणून भरलं. कागद तपासणीत सांगितलं, तुमच्या मेमोरँडममध्ये उत्पादन नाही, तुम्ही व्यापारी म्हणूनच पात्र. वस्तू तीच, पाइपच, तरी क्रियापद नव्हतं म्हणून अडलो. पुढची चार महिन्यांची कामं गेली.

म्हणून अण्णा, दुरुस्ती करताना नुसतं 'भाकरी' लिहू नका. बनवणं, पॅक करणं, विकत घेणं, विकणं, निर्यात, दुसऱ्याकडून बनवून घेणं हे सगळं लिहा.

अक्कलकोटरोड_टॉवेल
म्हणजे दुरुस्ती करावीच लागणार. ताई, मग पहिल्यापासून सांगा, काय काय करायचं? आणि एक अडचण आहे. चुलतभावाला हा धंदा नको आहे. तो म्हणतो, टॉवेलचा पैसा भाकरीत घालू नका. त्याच्याकडे १० टक्के आहेत. तो अडवू शकतो का?

कलम_तेरा
अडवू शकत नाही, पण घाई करू देणार नाही. कसं ते सांगते.

उद्दिष्टं बदलायला कलम १३ खाली विशेष ठराव लागतो. विशेष ठराव म्हणजे बाजूनं पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट. सभेला चौघेही आले आणि चुलतभाऊ एकटा विरोधात गेला तर हात वर करून तीन विरुद्ध एक, म्हणजे बरोबर तिप्पट, ठराव मंजूर. त्यानं शेअरच्या प्रमाणात मतदान मागितलं, आणि १० टक्क्यांवर त्याला ते मागता येतं, तर ९० विरुद्ध १०. तरी मंजूर. पण उद्या तुमचा धाकटा भाऊ त्याच्या बाजूला गेला तर ६० विरुद्ध ४० होईल. ४० ची तिप्पट १२०, म्हणजे ठराव पडला. एकटा धाकटा विरोधात गेला तरी ७० विरुद्ध ३०, तिप्पट ९० होते, पडलाच. म्हणून भावाशी आधी बोलून घ्या.

आता घाईचं. सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची द्यावी लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचे नाहीत. १ तारखेला हातात दिली तर सभा २३ च्या आत नाही. पोस्टानं पाठवली तर ती पोचायला आणखी ४८ तास धरा. कमी दिवसांत सभा घ्यायची तर सभासदांपैकी बहुसंख्यांची आणि शिवाय ९५ टक्के भांडवलाची संमती लागते. तुमच्याकडे चुलतभावाशिवाय ९० च होतात. त्याची सही मिळाली तर आठवड्यात सभा, नाही तर पूर्ण २१ दिवस. मात्र प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये नोटिशीबद्दल वेगळं लिहिता येतं, तुमचं आर्टिकल्स आधी उघडून बघा.

क्रम असा. आधी संचालक मंडळाची बैठक, तिथं दुरुस्तीचा मसुदा आणि सभेची तारीख ठरवा. मग नोटीस, सोबत स्पष्टीकरणाचं निवेदन, म्हणजे हा धंदा का आणि कशासाठी. निवेदनाशिवाय नुसती नोटीस दिली तर चुलतभावाला आक्षेप घ्यायला जागा मिळते. सभेत ठराव झाला की ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे MGT-14 फॉर्म भरायचा, त्याला ठरावाची प्रत, निवेदन आणि सुधारलेलं मेमोरँडम जोडायचं. १० लाख भांडवलावर सरकारी फी ४०० रुपये. मुदत चुकली तर फीच्या पटीत जादा पैसे लागतात आणि दिवसागणिक पट वाढत जाते.

यानंतर लोक एक चूक हमखास करतात. ठराव झाला म्हणजे काम झालं असं धरतात. कलम १३ च्या पोटकलम १० मध्ये लिहिलंय की दुरुस्ती निबंधकाकडे नोंदली जाईपर्यंत ती अमलात येत नाही. म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत भाकरीच्या मशीनची ऑर्डर देऊ नका, कर्जाच्या कागदांवर सही करू नका. प्रमाणपत्र आणि सुधारलेलं मेमोरँडम दोन्ही बँकेला द्या.

निवृत्त_कर्जविभाग
ताईंनी शेवटचं सांगितलं ते अधोरेखित करतो. एका प्रकरणात कंपनीनं ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला अॅडव्हान्स दिला. निबंधकानं मसुद्यातल्या शब्दांवर शंका काढून फॉर्म परत पाठवला. मधल्या काळात मशीन आलं, पण ते ज्या धंद्याचं, तो धंदा कागदावर नव्हताच. आम्ही कर्ज वितरण थांबवलं, आणि मशीनवाल्याच्या तगाद्याला तोंड संचालकाला द्यावं लागलं.

अक्कलकोटरोड_टॉवेल
हे वाचून पोटात गोळा आला. कारण गड्ड्यावरच्या भाकऱ्या कंपनीच्या नावानं विकल्या आहेत. १ लाख ८० हजारांची विक्री, जीएसटीसकट बिलं फाडली. आणि चटणीच्या पाउचवाल्याचे २२ हजार अजून द्यायचे आहेत. ते व्यवहार रद्द होणार का? दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू करता येईल का?

कलम_तेरा
मागच्या तारखेपासून नाही. दुरुस्ती पुढच्या काळासाठी असते.

भाकरी विकली, गिऱ्हाइकानं पैसे दिले, भाकरी खाल्ली. दोन्ही बाजूंनी पूर्ण झालेला व्यवहार कोणी उकरून काढत नाही. कर भरलाय तो बरोबरच, उद्दिष्टाबाहेरच्या उत्पन्नावरही कर लागतोच. पाउचवाल्याचे २२ हजार मात्र लवकर आणि पूर्ण द्या. त्यानं चांगल्या मनानं माल दिलाय. कायद्याच्या भांडणात त्याचा कंपनीविरुद्धचा दावा लंगडा पडू शकतो आणि मग तो तुमच्यावर वैयक्तिक येऊ शकतो. असं भांडण तुमच्या दोघांच्याही कामाचं नाही.

चुलतभावानं याच मुद्द्यावर हरकत घेतली तर काय होईल, याचं छातीठोक उत्तर मी देणार नाही. रक्कम लहान आहे आणि कंपनीचं नुकसान झालेलं नाही. पण त्याला विचारायचा हक्क आहे, हे मान्य करून त्याच्यासमोर हिशोब ठेवा.

नवीपेठ_हिशोबनीस
ताई, माझं मत आता बदललं, हे कबूल करतो. पण एक राहतं. मग पहिल्यांदाच सगळं का लिहून घेऊ नये? टॉवेल, भाकरी, पाइप, बांधकाम, शेती, आयटी. एकदाच खर्च.

कलम_तेरा
काका, जुन्या १९५६ च्या कायद्यात हेच चालायचं. मुख्य उद्दिष्टं, पूरक उद्दिष्टं आणि तिसरा भाग 'इतर उद्दिष्टं'. तिसऱ्या भागात लोक पन्नास धंदे लिहायचे. २०१३ च्या कायद्यानं तो तिसरा भाग काढून टाकला. आता नोंदणीला एकमेकांशी संबंध नसलेल्या धंद्यांची यादी दिली तर फॉर्म शंका काढून परत येतो. नावाशी आणि फॉर्ममधल्या व्यवसायाच्या कोडशी ए जुळतोय का हेही बघतात. आणि त्यात कर्ज देणं, गुंतवणूक असले शब्द सहज घातले तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न निघतो. कारण नसताना अशी वाट अंगावर घेऊ नये.

शिवाय मी भागधारकाच्या बाजूनंही बघते. चुलतभावानं २०१५ ला १ लाख घातले ते टॉवेल बघून. ए मध्ये सगळं जग लिहिलं असतं तर आज त्याला विचारायची गरजच उरली नसती, आणि आत्ता तो जे विचारतोय ते विचारण्यासारखं आहे.

होटगीरोड_पाइप
यावरून माझ्या वडिलांच्या कंपनीचं विचारतो. १९९४ ची आहे, बी-बियाणांची. तिच्या मेमोरँडममध्ये तो तिसरा भाग आहे आणि त्यात 'बांधकाम व्यवसाय' लिहिलाय. आता आम्हाला एक इमारत बांधायची आहे. लिहिलेलं तर आहे. मग थेट सुरू करता येईल का?

कलम_तेरा
जुन्या कायद्यातसुद्धा थेट नाही. 'इतर उद्दिष्टां'तला धंदा सुरू करण्याआधी कलम १४९ खाली विशेष ठराव करावा लागायचा. ते कलम आता नाही. नव्या कायद्यात तिसरा भागच नाही, पण जुन्या कंपन्यांच्या मेमोरँडममध्ये शब्द तसेच राहिले आहेत. यावर सेक्रेटरींमध्ये दोन मतं आहेत. काही म्हणतात, उद्दिष्ट लिहिलेलं आहे म्हणजे पुरे. काही म्हणतात, ज्या अटीवर ते लिहिलं होतं ती पाळायलाच हवी. मी माझ्या पक्षकारांना सांगते की वादात पडू नका, कलम १३ खाली विशेष ठराव करून बांधकाम ए मध्ये आणा आणि त्याच वेळी मेमोरँडम नव्या नमुन्यात घ्या.

निवृत्त_कर्जविभाग
मी बँकेत असताना तिसऱ्या भागातल्या धंद्याला ठरावाची प्रत मागितल्याशिवाय कर्ज पुढे पाठवलं नाही. पण आमच्याच दुसऱ्या शाखेत पाठवायचे, हेही खरं.

होटगीरोड_पाइप
म्हणजे शाखेवर अवलंबून! बरं, वडिलांशी बोलतो. त्यांचं म्हणणं आहे की लिहिलंय ते लिहिलंय.

अक्कलकोटरोड_टॉवेल
मंडळी, काल रात्री चौघं आईच्या खोलीत बसलो. चुलतभावापुढे गड्ड्याचा हिशोब ठेवला, पाउचवाल्याचे पैसे सकाळीच दिले. आर्टिकल्समध्ये नोटिशीबद्दल वेगळं काही नाही. चुलतभाऊ कमी दिवसांच्या नोटिशीवर सही करायला तयार नाही. म्हणाला, २१ दिवस घ्या, मला विचार करायला पाहिजे. मला ते पटलं. आज नोटीस सगळ्यांच्या हातात दिली आणि पोच घेतली.

मसुद्यात असं लिहिलंय: 'ज्वारी, बाजरी व इतर धान्यं, कडधान्यं आणि शेंगदाण्यापासून भाकरी, चटणी व इतर तयार खाद्यपदार्थ बनवणं, बनवून घेणं, पॅक करणं, साठवणं, खरेदी, विक्री व निर्यात करणं.' चुलतभावाचा एकच आक्षेप आहे. 'इतर तयार खाद्यपदार्थ' काढा म्हणतो. त्याचं म्हणणं, उद्या तुम्ही हॉटेल काढाल. ते शब्द ठेवावे की काढावे?

कलम_तेरा
ते शब्द असले तरी वाक्याच्या सुरुवातीला धान्य, कडधान्य आणि शेंगदाणा आहे. त्यामुळे पदार्थ त्यापासूनच बनलेला लागेल. आणि क्रियापदांत बनवणं, पॅक करणं, विकणं आहे, बसवून जेवायला वाढणं नाही. हॉटेल यात आणणं अवघड आहे, पण चुलतभावाची शंका अगदी निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. 'इतर' या शब्दाचा अर्थ किती ताणायचा यावर भांडणं झालेली आहेत. त्याला लेखी स्पष्टता हवी असेल तर वाक्याच्या शेवटी 'परंतु हॉटेल वा उपाहारगृहाचा व्यवसाय वगळून' एवढं घाला. पुढे कधी हॉटेल काढावंसं वाटलं तर पुन्हा त्याच्यासकट सगळ्यांना विचारावं लागेल.

एक सांभाळा. नोटीस आज गेली आहे. मसुदा बदलायचा असेल तर सुधारित मसुदा आणि सुधारित निवेदनासकट नोटीस पुन्हा द्या आणि २१ दिवस तिथून मोजा. सभेत आयत्या वेळी शब्द बदलून ठराव करू नका.

अक्कलकोटरोड_टॉवेल
मग उद्या सकाळी सुधारित नोटीस देतो. हॉटेल वगळायचं वाक्य घालतो. बँकेत जाऊन साहेबांना सांगून आलो की दीड-दोन महिन्यांनी पुन्हा येतो, त्यांनी फाइल बंद न करता बाजूला ठेवली आहे.

हातमाग_सभासद
आईला आमचा नमस्कार सांगा. आणि चटणीत लसूण जरा जास्त घाला, गड्ड्यावर मी घेतली होती.